वाळवण: अंगणातून खाटेवर, खाटेवरून पेटीत

15 मार्च 1959 रोजी गिरगावातल्या एका चाळवजा इमारतीच्या गच्चीवर सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. हाच लिज्जतचा आरंभ. पहिल्याच वर्षी पावसाळा आला आणि पापड वाळेनात म्हणून काम चार महिने बंद ठेवावं लागलं. पुढच्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह विकत घेतला. वर खाटेवर पापड, खाली पेटता स्टोव्ह. काम पावसातही चालू राहिलं.

या खाटेत वाळवणाचं सगळं मर्म आहे. पदार्थ वाळवते ती हवा. ऊन फक्त त्या हवेची पाणी ओढायची ताकद वाढवतं. 30 अंशांची हवा 60 टक्के दमट असेल आणि ती 45 अंशांपर्यंत तापवली, तर तोच दमटपणा साधारण 27 टक्क्यांवर येतो. हवेतली वाफ तेवढीच राहते, तिला जागा मात्र दुप्पट मिळते. खाटेच्या विणीतून हीच तापलेली हवा वर येत होती.

देशावर चैत्र-वैशाखात हे काम निसर्गच करून देतो. दुपारची हवा एवढी कोरडी असते की सांडगे, कुरडया भराभर वाळतात. कोकणात समुद्रावरून येणारी हवा ओलसर, त्यामुळे तेच वाळवण रेंगाळतं. जुनी पद्धत म्हणजे सारवलेलं अंगण, धाब्याची माळवदं, त्यावर जुनी लुगडी नि धोतरं. कापड खालून ओल शोषून घेई. कुरडई चिकटलीच तर कापड उलटं करून पाठीवर पाण्याचा हात फिरवायचा, ती अलगद सुटते. कावळ्या-चिमण्यांसाठी पोरांना राखणीला बसवायचं. राखणदारच अर्ध्या ओल्या चिकवड्या खाऊन टाकत, तो भाग वेगळा.

मग प्लॅस्टिकचा कागद आला. साबुदाण्याच्या पापड्या त्यावरून सहज निघतात, म्हणून तो घरोघरी पोचला. पण त्यातून पाणी खाली जात नाही. वरून कुरकुरीत दिसणाऱ्या चकतीखाली घाम साचतो आणि बुरशी तिथेच धरते. ओल्या जमिनीवर टाकलेल्या मिरच्यांचंही तेच. त्यांच्यावर वाढणाऱ्या काही बुरशींतून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं, आणि ते तळून-भाजून पुरतं जात नाही. धूळ दिसते, माशी दिसते. खरी काळजी करायची ती न दिसणाऱ्या ओलीची.

बटाट्याचे वेफर्स घ्या. बटाट्यात सुमारे 80 टक्के पाणी, म्हणजे 5 किलोचे जेमतेम किलोभर वेफर्स होतात. चकत्या पडतील तशा पाण्यात टाकायच्या, नाहीतर हवा लागून काळ्या पडतात. मग मिठाच्या उकळत्या पाण्यातून अर्धवट शिजवून, निथळून, सकाळीच एकेक सुटी पसरायची. खाली बाज किंवा चौकटीवर ताणलेली जाळी असावी, म्हणजे वारा दोन्ही बाजूंनी लागतो. वरून मच्छरदाणीचं कापड, तेही काठ्यांवर उचललेलं. ते चकत्यांना टेकलं तर माशी जाळीवर बसूनच आपलं काम उरकते. दुपारी एकदा उलटायचं आणि सूर्य कलायच्या आधी घरात आणायचं, कारण रात्रीचं दव दिवसाची मेहनत परत भिजवतं. झालं का ते बघायला चकती मोडावी. ती कडकन तुटली पाहिजे, वाकता कामा नये. मग थोड्या चकत्या काचेच्या बरणीत रात्रभर बंद ठेवा. सकाळी काचेवर आतून वाफ दिसली तर पुन्हा ऊन.

उडदाच्या पापडाचं वेगळं. कडक उन्हात तो वेडावाकडा होतो, तडकतो. मुंबईत बायका घरी लाटलेले पापड उपड्या टोपल्यांवर वाळत घालू लागल्या, त्यात जागेची सोय होतीच, शिवाय टोपलीच्या विणीतून खालूनही वारा खेळतो. मेथी-कोथिंबिरीलाही सावलीच बरी, उन्हात रंग उडतो.

सोलर ड्रायर, म्हणजे उन्हावर तापणारी वाळवणाची पेटी, ही त्या खाटेचीच पुढची पायरी. काळ्या रंगाचा तळ, वर काच, खालून जाळी लावलेल्या भोकांतून हवा आत येते आणि तापून वरच्या झडपेतून बाहेर जाते. धूळ, पाखरं, किडे बाहेरच राहतात. महाराष्ट्रात सुरू झालेल्या एस४एस टेक्नॉलॉजीज या कंपनीने असे ड्रायर गावातल्या बायकांच्या हाती दिले आणि 2023 साली त्या कामाला पर्यावरणासाठी दिलं जाणारं अर्थशॉट पारितोषिक मिळालं. घरी पेटी बनवणारे बहुतेकजण एक चूक करतात. आत जास्त तापावं म्हणून ते झडपा बंद करतात. मग काचेला आतून पाणी सुटतं आणि भाजी वाळायच्याऐवजी शिजते. जाड फोडींची तर वरची साल आधी आवळते आणि आतली ओल अडकून पडते. काच धुरकट दिसली की झडप उघडायची. आणि आभाळ भरून आलं की पेटीचाही इलाज चालत नाही, तेव्हा खालून ऊब द्यावीच लागते.