डायव्हर्टिक्युलायटिस (मोठ्या आतड्यातील पिशव्यांचा दाह)

मोठ्या आतड्याच्या भिंतीतून बाहेर फुगलेल्या लहान पिशव्यांना सूज येऊन जंतुसंसर्ग होतो, त्या विकाराला डायव्हर्टिक्युलायटिस म्हणतात. ओटीपोटाच्या डाव्या बाजूला एकाच जागी टिकून राहणारे दुखणे, ताप आणि शौचाची बदललेली सवय ही त्याची ओळखीची लक्षणे आहेत. नुसत्या पिशव्या असणे हा आजार नव्हे. त्या वयानुसार वाढत जातात आणि बहुतेकांना आयुष्यभर त्यांचा पत्ताही लागत नाही.

आतड्याच्या आतल्या अस्तराला रक्त पुरवणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या बाहेरून स्नायूचा थर भेदून आत शिरतात. त्या जिथे शिरतात तिथे स्नायूत नैसर्गिक फट राहते. गुदाशयाच्या अलीकडचा ‘एस’सारखा वळलेला भाग, म्हणजे सिग्मॉइड, मोठ्या आतड्यात सर्वांत अरुंद असतो. मळ घट्ट आणि थोडा असला की तो पुढे ढकलण्यासाठी या भागाला जोरात आवळावे लागते, आतला दाब वाढतो आणि अस्तर त्या फटीतून बाहेर ढकलले जाते. तयार झालेली पिशवी साधारण ५ ते १० मिलिमीटरची असते आणि तिच्यावर स्नायूचे आवरण नसते. म्हणून ती आकुंचन पावून स्वतःला रिकामी करू शकत नाही, आणि तिची भिंत कागदासारखी पातळ राहते.

अशा पिशवीत मळ अडकून कडक होतो, तोंड बंद होते आणि आत जंतू वाढतात, असे पूर्वी सरसकट सांगितले जाई. आज हे स्पष्टीकरण अपुरे मानतात. आतड्यातील जंतूंचा बिघडलेला समतोल आणि अस्तराची सौम्य पण टिकून राहणारी सूज यांचाही त्यात वाटा धरतात. सुरुवात कशीही झाली तरी पुढची पायरी महत्त्वाची आहे: पातळ भिंतीला सूक्ष्म छिद्र पडते आणि जंतू आतड्याबाहेर येतात. त्याच वेळी आजूबाजूची चरबी त्या जागी चिकटून छिद्रावर झाकण बसवते. हे झाकण टिकते की नाही, यावरच आजाराचा पुढचा मार्ग ठरतो.

लक्षणेही यातूनच उलगडतात. पोटाचे आतले आवरण त्या जागी चिडते, म्हणून दुखणे डाव्या जांघेच्या वर एका बोटाने दाखवता येते आणि खोकताना किंवा रिक्षा खड्ड्यात आदळल्यावर वाढते. सुजलेला भाग अरुंद आणि ताठर झाला की शौचास होत नाही. चिडलेला असला की थोडे थोडे पातळ होत राहते. सिग्मॉइड मूत्राशयाला टेकलेला असल्याने वारंवार लघवीला जावेसे वाटते, आणि मग मुतखड्याचा संशय येतो. मुतखड्याची कळ मात्र लाटेसारखी येते आणि रुग्ण तळमळतो. इथे रुग्ण हालचाल टाळून पडून राहतो. मूल होण्याच्या वयातील स्त्रीला असे दुखत असेल तर गर्भनलिकेतील गर्भधारणा नाही याची खात्री करण्यासाठी आधी गर्भचाचणी करावीच लागते. आशियाई लोकांत पिशव्या आतड्याच्या उजव्या बाजूलाही बऱ्याच आढळतात आणि त्यांचा दाह अपेंडिक्ससारखा भासतो.

ऐरोलीतील ५८ वर्षांच्या गृहस्थाचे कल्पित उदाहरण घेऊ. सोमवारी संध्याकाळी डाव्या ओटीपोटात मंद दुखू लागते. गॅस समजून ते ॲसिडिटीची गोळी घेतात. मंगळवारी ताप १०१ फॅरनहाइट होतो आणि दोन दिवस तुंबलेले पोट थोडे थोडे पातळ होऊ लागते. ते मेडिकलमधून जुलाबावरची अँटिबायोटिक जोडगोळी आणि डायक्लोफेनॅक आणतात. इथे दोन चुका होतात. अर्धवट अँटिबायोटिकने चित्र धूसर होते. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन यांसारखी वेदनाशामके तर छिद्र मोठे होण्याचा धोकाच वाढवतात. निदान होईपर्यंत पॅरासिटामॉल बरे. याच टप्प्यावर पोट साफ व्हावे म्हणून एनिमा घेणे तर झाकणावर आतून दाब देण्यासारखे आहे.

बुधवारी रक्ततपासणीत पांढऱ्या पेशी १४,२०० आणि शरीरातील दाह दाखवणारी सीआरपी ९६, म्हणजे दोन्ही वाढलेल्या येतात. सोनोग्राफीत आतड्यातील वायूमुळे नीट दिसत नाही, म्हणून मूत्रपिंडाचे काम दाखवणारे क्रिएटिनिन पाहून शिरेतून कॉन्ट्रास्ट देऊन सीटी स्कॅन करतात. सिग्मॉइडची भिंत जाड, भोवतालची चरबी धुरकट, शेजारी १.८ सेंटिमीटरचे गळू आणि पोटात मोकळी हवा नाही, असा अहवाल येतो. म्हणजे झाकण टिकले आहे, पण त्याच्याखाली पू साचला आहे. त्यांना दाखल करून सलाईन, शिरेतून सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन व मेट्रोनिडाझोल आणि तोंडाने फक्त पातळ पदार्थ देतात. शुक्रवारी ताप उतरतो, सीआरपी ४१ वर येते आणि पेज, ताकभात सुरू होतो. उरलेली औषधे गोळ्यांनी पूर्ण करायला सांगून घरी सोडतात.

हेच गळू ५ सेंटिमीटरचे असते तर नुसत्या औषधांवर विसंबता आले नसते. सीटी किंवा सोनोग्राफीच्या मदतीने त्यात नळी घालून पू काढावा लागला असता. आणि गळू मुळीच नसते, प्रकृती ठणठणीत असती, तर कदाचित अँटिबायोटिकचीही गरज पडली नसती. स्वीडन आणि नेदरलँड्समधील चाचण्यांत, सीटीने खात्री झालेल्या साध्या दाहात अँटिबायोटिकशिवायही रुग्ण तितकेच बरे झाले. हा निर्णय सीटीनंतर डॉक्टरांनीच घ्यायचा असतो, घरी नव्हे.

दुखणे एका जागेवरून सगळ्या पोटात पसरणे, पोट फळीसारखे कडक होणे, नाडी जलद होऊन चक्कर येणे, याचा अर्थ झाकण सुटले आणि पू किंवा मळ पोटभर पसरला. तेव्हा ओळखीच्या दवाखान्याच्या वेळेची वाट पाहू नये. तोंडाने काहीही न देता १०८ ची रुग्णवाहिका बोलावून शस्त्रक्रियेची सोय असलेले रुग्णालय गाठावे. ऐरोलीजवळ कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय हे असे ठाणे महापालिकेचे मोठे रुग्णालय आहे. शस्त्रक्रियेत सुजलेला भाग काढतात आणि बऱ्याचदा आतड्याचे तोंड काही महिने पोटावर आणून तिथे पिशवी लावतात. असे फुटणे अनेकदा पहिल्याच झटक्यात होते, म्हणून ‘पहिल्यांदाच दुखतंय, थांबून बघू’ हा हिशेब धोक्याचा. स्टेरॉइड घेणाऱ्यांत झाकण नीट बसत नाही आणि तापही दबतो. त्यांच्यात थोडे दुखणेही गंभीर समजावे.

कोलोनोस्कोपी दाहाच्या काळात टाळतात, कारण आत भरलेल्या हवेने बंद झालेले छिद्र उघडू शकते. पण साधारण ६ ते ८ आठवड्यांनी ती करतात, विशेषतः गळू झाले असेल किंवा अलीकडे केलेली नसेल तर. सीटीवर जाड दिसलेली भिंत कधी कधी कर्करोगाचीही निघते, आणि हे फक्त आतून पाहूनच कळते.

बरे झाल्यावर ज्वारी-बाजरीची भाकरी, सालीच्या डाळी, उसळी, पालेभाज्या हळूहळू वाढवाव्यात. इसबगोल घेतल्यास ग्लासभर पाण्यासोबत. झटका चालू असताना मात्र हा कोंडा नको. बिया पिशवीत अडकतात म्हणून तीळ, शेंगदाणे, पेरू बंद करण्याचा सल्ला अजून दिला जातो. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या, सुमारे ४७,००० अमेरिकन पुरुषांच्या अभ्यासात दाणे, मका, पॉपकॉर्न खाणाऱ्यांत हा आजार वाढलेला आढळला नाही. तिळगूळ सोडण्याचे कारण नाही. धूम्रपान आणि पोटावरची चरबी मात्र खरोखर धोका वाढवतात.

काही महिन्यांनी लघवीतून हवेचे बुडबुडे येऊ लागले किंवा लघवीचा संसर्ग पुन्हा पुन्हा झाला, तर आतडे आणि मूत्राशय यांच्यात वाट तयार झाल्याचा संशय घ्यावा. ती वाट सहसा आपोआप बुजत नाही; सुजलेला भाग काढून ती बंद करावी लागते.