जात आणि सामाजिक गतिशीलता : प्रेझेंटेशनमध्ये विचारायचे प्रश्न

समाजशास्त्राच्या वर्गात या विषयावर प्रेझेंटेशन झालं की नंतरच्या चर्चेत हमखास दोन किस्से येतात. एक म्हणजे कुणाच्या तरी गावातल्या शेतमजुराचा मुलगा क्लास वन अधिकारी झाला, आणि दुसरा म्हणजे कुणाच्या तरी ओळखीतल्या हुशार मुलाची ॲडमिशन हुकली. दोन्ही खरे असू शकतात, पण त्यावरून जातीचा अडसर कमी झाला की नाही हे काही कळत नाही, कारण अशा किती मजुरांची मुलं तिथवर पोचली नाहीत हे किश्श्यात कधीच नसतं. या नोंदीत असे प्रश्न घेतलेत ज्यांना आकडा आणि तर्क दोन्ही द्यावे लागतात. सगळ्यांच्या मुळाशी एकच विचारणा आहे, ती म्हणजे कोणाची तुलना कोणाशी केली. गतिशीलतेचे नेहमीचे प्रकार माहीत आहेत असं धरलंय.

पहिला प्रश्न : वर कोण गेलं, माणूस की जात?

हा घोळ जुना आहे आणि त्याचं मूळ कुठे यावर अभ्यासकांचं एकमत नाही. एम. एन. श्रीनिवास यांनी १९५२ साली कूर्गवरच्या अभ्यासात संस्कृतीकरणाची कल्पना मांडली, म्हणजे खालची समजली जाणारी जात वरच्या जातीचे आचार उचलते आणि पिढी दोन पिढ्यांत आपलं स्थान वर सरकवायचा प्रयत्न करते. पाठ्यपुस्तकं बहुतेक इथूनच सुरुवात करतात. पण अनुकरणाचा मुद्दा त्याच्या कितीतरी आधी, मे १९१६ मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या भारतातील जातींवरच्या निबंधात आहे, त्यात त्यांनी फ्रेंच समाजशास्त्रज्ञ तार्द याच्या अनुकरणाच्या नियमांचा आधार घेतलाय. अर्थात दोघांचे प्रश्न वेगळे होते, आंबेडकर जात पसरली कशी हे सांगत होते आणि श्रीनिवास जातीचं स्थान बदलतं कसं हे, त्यामुळे एकाची कल्पना दुसऱ्याने घेतली असं म्हणण्यापेक्षा अनुकरणाच्या विचाराची सुरुवात १९१६ च्या निबंधापासून धरावी हे जास्त सयुक्तिक वाटतं. तिसरा धागा जनगणनेचा. १९०१ च्या जनगणनेत तेव्हाचे जनगणना आयुक्त रिस्ले यांनी जातींची सामाजिक प्रतिष्ठेनुसार क्रमवारी लावायचा घाट घातला आणि मग आम्हाला वरच्या वर्णात लिहा अशा अर्जांचा पाऊसच पडला.

प्रेझेंटेशनसाठी यातलं कामाचं एवढंच, की संस्कृतीकरणात हलतं ते अख्ख्या जातीचं स्थान, आणि श्रीनिवास यांच्याच म्हणण्यानुसार त्याने उतरंडीची रचना बदलत नाही. सर्व्हेतले आकडे मात्र बाप आणि मुलगा अशा जोड्यांचे असतात. स्लाइडवर संस्कृतीकरण आणि खाली पगाराचा ग्राफ असेल तर दोन वेगळ्या गोष्टी एकमेकींना जोडल्यात, आणि तो सांधा कुठे आहे हे विचारायलाच हवं.

दुसरा प्रश्न : दरी कमी झाली म्हणता, ती कुठल्या मापाने?

इथे जरा थांबायला हवं कारण सगळ्यात जास्त गडबड इथेच होते. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. दोन गट आहेत, अ आणि ब, आणि दोन्हीकडे फक्त शेतमजूर बापांची मुलं घेतली, प्रत्येकी १००. सुरुवात सारखी असलेलेच घ्यायचे हे महत्त्वाचं, नाहीतर एका गटातले बाप आधीच शिक्षक आणि कारकून असतील तर मुलांमधला फरक जातीचा की बापाच्या नोकरीचा हे वेगळं काढता येत नाही. आधीच्या पिढीत अ गटातली ५ मुलं ऑफिसच्या नोकरीत गेली आणि ब गटातली १५. पुढच्या पिढीत अ मधली २० गेली आणि ब मधली ३५.

आता एक जण म्हणेल दरी वाढली, कारण आधी १० चा फरक होता आता १५ चा आहे. दुसरा म्हणेल कमी झाली, कारण आधी ब ची मुलं तिप्पट होती आता पावणेदोनपट आहेत. दोघांचीही वजाबाकी भागाकार बरोबर आहे. म्हणून गतिशीलतेचे अभ्यासक बहुतेकदा ऑड्स रेशो वापरतात, त्यात प्रत्येक गटात पोचलेले भागिले न पोचलेले असं काढायचं आणि मग दोन्ही गटांची तुलना करायची. आधीच्या पिढीत ब साठी १५ भागिले ८५ आणि अ साठी ५ भागिले ९५, त्यांचं गुणोत्तर साधारण ३.४ येतं. नंतरच्या पिढीत ३५ भागिले ६५ आणि २० भागिले ८०, ते येतं साधारण २.२. म्हणजे सापेक्ष संधीतली असमानता घटली, पण संपलेली नाही, आणि अ मधली ८० मुलं अजून बाहेरच आहेत. अ ची ५ वरून २० झाली यात ऑफिसच्या नोकऱ्याच वाढल्या याचाही वाटा असणार, कारण ब ची पण वाढलीच आहेत. प्रगती झाली असं म्हणणाऱ्याला विचारायचं ते हे, की नोकऱ्या वाढल्यामुळे जे सगळ्यांनाच मिळालं ते बाजूला काढल्यावर काय उरतं?

शिक्षणाच्या बाबतीत सॅम ॲशर, पॉल नोवोसाद आणि चार्ली रॅफकिन यांनी वेगळं माप वापरलंय. शिक्षणाच्या क्रमवारीत खालच्या निम्म्या भागातल्या बापांची मुलं आपल्या पिढीत सरासरी कितव्या क्रमांकावर येतात हे ते बघतात, जन्माचा काहीच परिणाम नसेल तर उत्तर ५० आणि सगळं जन्मावरच ठरत असेल तर २५. त्यांच्या मते देशाची एकूण सरासरी फारशी हललेली नाही, अनुसूचित जातींची वर गेलीय आणि मुसलमानांची खाली आलीय, म्हणजे सरासरी स्थिर दिसली तरी आत बरंच काही हललेलं असतं. अडचण अशी की जुन्या पिढीत निम्म्याहून जास्त बाप शाळेत जवळपास गेलेलेच नव्हते, मग त्यांच्यात खालचा कोण वरचा कोण हे ठरवता येत नाही, म्हणून ते एका आकड्याऐवजी या दोन मर्यादांच्या मधे कुठेतरी असं उत्तर देतात. जुन्या पिढीसाठी दशांशापर्यंत नेमका आकडा दाखवणारी स्लाइड दिसली की तो कसा काढला हे विचारावं.

तिसरा प्रश्न : दोन्ही वर्षांचा गट तोच आहे का?

महाराष्ट्रातलं उदाहरण यासाठी फार बोलकं आहे. राज्याच्या लोकसंख्येत अनुसूचित जातींचं प्रमाण १९८१ च्या जनगणनेत ७.१ टक्के होतं आणि १९९१ मध्ये ते ११.१ टक्के झालं. दहा वर्षांत जन्मदराने एवढी वाढ होत नाही. झालं असं की १९५६ च्या धर्मांतरानंतर ज्यांनी धर्म बौद्ध नोंदवला ते जनगणनेच्या अनुसूचित जातींच्या मोजणीतून बाहेर पडले होते, आणि १९९० मध्ये बौद्धांना तो दर्जा मिळाल्यावर परत मोजले गेले. नवबौद्ध कुटुंबांत शिक्षणाची ओढ आणि प्रसार आधीपासून चांगला होता, त्यामुळे या दोन वर्षांची अनुसूचित जातींची साक्षरता शेजारी शेजारी ठेवून इतकी वाढ झाली असं सांगितलं तर त्यातली काही वाढ ही फक्त गटात कोण आलं याची आहे. शाळेत गेलेल्या मुलाचं यश आणि रकाना बदललेल्या कुटुंबाची नोंद एकाच बेरजेत पडतात.

राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणातही असंच आहे. ओबीसीचा वेगळा रकाना १९९९-२००० च्या फेरीपासून आला, त्याआधी ते 'इतर' मध्येच होते. ओबीसी बाहेर काढल्यावर उरलेले 'इतर' एकदम जास्त सुस्थितीत दिसतात, मग १९८३ चे इतर आणि २०११-१२ चे इतर एका रेषेने जोडले तर दलित आणि इतर यांच्यातली दरी कागदावरच वाढते. उपाय सोपा आहे, नंतरच्या वर्षांत ओबीसी परत इतरमध्ये मिसळून मग तुलना करायची. ते केलंय का, एवढं विचारलं की डेटा खरोखर कोणी हाताळलाय हे समजतं.

चौथा प्रश्न : बापाची माहिती आली कुठून?

नमुना सर्वेक्षणाच्या नेहमीच्या फेऱ्यांत घरातल्या माणसांचीच माहिती असते. बाप आणि मुलगा एका घरात राहत असतील तरच जोडी मिळते. शिकून पुण्या-मुंबईला गेलेला मुलगा गावातल्या बापाच्या घरात दिसत नाही, आणि लग्न होऊन गेलेली मुलगी तर जवळपास कुठेच दिसत नाही. भारत मानव विकास सर्वेक्षण (आयएचडीएस, २००४-०५ आणि २०११-१२) यात कुटुंबप्रमुखाला त्याच्या वडिलांचं शिक्षण आणि व्यवसाय विचारलाय म्हणून ते या कामाला बरं पडतं. तरी बायकांच्या बाबतीत माहिती फार तुटपुंजी आहे, आणि 'दलितांची गतिशीलता' असं शीर्षक असलेल्या कितीतरी तक्त्यांत प्रत्यक्षात फक्त पुरुष असतात.

पाचवा प्रश्न : फरक जातीमुळेच आहे हे कशावरून?

सगळे तक्ते नीट असले तरी शाळेचा दर्जा, जमीन, ओळखी हे मधे असतंच. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांचा २००७ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग यावर थेट जातो. वर्तमानपत्रातल्या खासगी नोकऱ्यांच्या ५४८ जाहिरातींना त्यांनी ४,८०८ अर्ज पाठवले, पात्रता सारखी, फरक मुख्यतः नावाचा, काही नावं उच्चवर्णीय वाटणारी, काही दलित, काही मुस्लिम. पुढच्या टप्प्याला बोलावलं जाण्याचे दलित नावाचे ऑड्स उच्चवर्णीय नावाच्या ०.६७ पट निघाले. इथे 'मेरिट कमी असेल' हे उत्तर चालत नाही कारण मेरिट मुद्दाम सारखंच ठेवलं होतं. पण यातून फक्त पहिली पायरी कळते. मुलाखतीत काय झालं, पगार किती ठरला, आणि जी नोकरी जाहिरात न देता ओळखीतच भरली गेली तिचं काय, हे या प्रयोगाच्या कक्षेबाहेर आहे.

एकेका जातीच्या पातळीवर आलं की साधनं फारच विरळ होतात. सगळ्या जातींची प्रसिद्ध झालेली देशव्यापी मोजणी १९३१ ची, आणि २०११ च्या सामाजिक, आर्थिक आणि जात जनगणनेतले जातींचे आकडे जाहीर झाले नाहीत. २०२३ मध्ये बिहारने स्वतःची मोजणी जाहीर केली, त्यात अतिमागास ३६ टक्के आणि इतर मागास २७ टक्के निघाले, पण ती एकाच वेळची मोजणी आहे, तिच्यावरून आज कोण कुठे आहे हे कळतं, कोण कुठून कुठे आलं हे सांगायला आधीच्या पिढीची तशीच नोंद शेजारी लागते आणि ती नाही.