लठ्ठपणावरील औषधे आणि बेरियाट्रिक शस्त्रक्रिया

वजन उतरू लागले की शरीर ते परत मिळवायला बघते: भूक वाढवणारे घ्रेलिन हे संप्रेरक वाढते आणि ऊर्जेचा खर्च घटतो. त्यामुळे निव्वळ आहार-व्यायामाने साधारण ५ ते १० टक्के वजन कमी होते आणि बरेचदा काही वर्षांत पुन्हा चढते. याला रुग्णाचा आळस म्हणणे अन्यायाचे आहे. औषधे व शस्त्रक्रिया दोन्ही या भुकेच्या यंत्रणेवरच काम करतात. आहाराची शिस्त मात्र दोन्हींसोबत पाळावीच लागते.

औषधे सहसा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन दाखवणारा आकडा, ३० च्या वर असेल, किंवा २७ च्या वर असून मधुमेह, रक्तदाब यांसारखा आजार असेल तर देतात. शस्त्रक्रियेसाठी २०२२ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींनी मर्यादा ३५ वर आणली; मधुमेहासारखा चयापचयाचा आजार असेल तर ३० पासूनही विचार होतो. आशियाई लोकांत कमी बीएमआयलाच धोके सुरू होत असल्याने त्यांच्यासाठी शस्त्रक्रियेचा विचार २७.५ पासून करता येतो.

समजा, उंची १६० सेंमी, वजन ९८ किलो आणि टाइप २ मधुमेह असलेली एक स्त्री आहे. तिचा बीएमआय सुमारे ३८, म्हणजे ती दोन्ही उपायांना पात्र ठरते. जीवनशैली बदलून तिचे ५ ते १० किलो उतरतील. भूक कमी करणाऱ्या सेमाग्लुटाइडच्या आठवड्यातून एकदा घ्यायच्या इंजेक्शनने मधुमेह नसलेल्यांचे सरासरी १५ टक्के वजन उतरते; मधुमेहात ते कमी, सुमारे १० टक्के, म्हणजे तिचे १० किलोच्या आसपास. जठराचा बराचसा भाग काढणाऱ्या स्लीव्ह किंवा जठराची लहान पिशवी करून ती आतड्याला जोडणाऱ्या बायपास शस्त्रक्रियेने २५ ते ३० किलो. इंजेक्शन ०.२५ मिलिग्रॅमपासून सुरू करून महिन्या-महिन्याने वाढवतात, नाहीतर मळमळ-उलट्या असह्य होतात. ते थांबवले तर वर्षभरात गेलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश परत येते, हे सुरुवातीलाच सांगायला हवे. गरोदरपणात ते घेत नाहीत.

शस्त्रक्रियेनंतर तिची साखर वजन उतरण्याआधीच, काही दिवसांतच खाली येऊ शकते. इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी ग्लिमेपिराइडची गोळी जुन्याच मात्रेत चालू राहिले, तर साखर धोकादायकरीत्या घसरते.

शस्त्रक्रियेनंतर सर्वांत जपायचे ते उलट्यांना. अन्न पोटात टिकले नाही, तर शरीरातला थायमिनचा, म्हणजे जीवनसत्त्व बी१ चा साठा दोन-तीन आठवड्यांतच संपतो. उलट्या थांबत नसतील, चालताना तोल जात असेल, एकाची दोन दिसत असतील किंवा गोंधळल्यासारखे होत असेल, तर रक्ताच्या अहवालाची वाट न पाहता थायमिन शिरेतून द्यावे लागते. थायमिनआधी नुसते ग्लुकोजचे सलाइन लावल्यास मेंदूची इजा वाढू शकते. रुग्ण बहुतेकदा जवळच्या दवाखान्यात जातो, म्हणून शस्त्रक्रियेची माहिती असलेले कार्ड जवळ हवेच.

बी१२ ची गोष्ट उलटी आहे. यकृतातला साठा काही वर्षे पुरतो, त्यामुळे कमतरता दिसते तेव्हा रुग्णाने तपासण्या सोडलेल्या असतात. हातापायांना मुंग्या, सतत थकवा ही तिची चिन्हे. म्हणून बी१२, लोह, कॅल्शियम व ड जीवनसत्त्वाची तपासणी पहिल्या वर्षी काही महिन्यांच्या अंतराने आणि नंतर दरवर्षी, आयुष्यभर करायची असते.