एचडीआर आणि स्वस्त टीव्ही

एचडीआर म्हणजे हाय डायनॅमिक रेंज, चित्रातला सगळ्यात काळा भाग आणि सगळ्यात झगझगीत भाग यांच्यातलं अंतर वाढवून दाखवायची पद्धत. फोरकेशी याचा थेट संबंध नाही, फोरके म्हणजे पिक्सेल किती आणि एचडीआर म्हणजे प्रत्येक पिक्सेल किती उजळ किंवा काळा होऊ शकतो ते. नागपुरात सीताबर्डीवरच्या दुकानात मात्र दोन्ही एकाच दमात सांगतात, म्हणून लोकांच्या डोक्यात ते एकच होऊन बसलंय.

उजेड निट्समध्ये मोजतात. जुन्या पद्धतीचं चित्र, म्हणजे एसडीआर, साधारण 100 निट्सचा पांढरा धरून बनवलेलं असतं. एचडीआरचे पिक्चर बहुतेक वेळा 1000 निट्सपर्यंत, काही 4000 पर्यंत धरून तयार करतात, आणि पीक्यू नावाचं जे गणित वापरतात (2014 चं स्टँडर्ड) ते तर 10,000 पर्यंत जातं. स्वस्तातला 43 इंची टीव्ही साधारण 250 ते 300 निट्स देतो. घोळ इथूनच सुरू होतो.

लोकांची कॉमन तक्रार अशी असते की बाप्पा, एचडीआर लागला अन् चित्र उलट काळंच पडलं. टीव्ही खराब नसतो, त्यामागे साधं कारण आहे. एसडीआरचा सिग्नल फक्त एवढंच सांगतो की हा भाग पूर्ण उजेडाच्या किती टक्के, मग तुमचा टीव्ही 300 निट्सचा असेल अन् बॅकलाइट फुल असेल तर 100 साठी बनवलेलं चित्र तो तिप्पट उजळ दाखवतो. पीक्यू तसं करत नाही, तो सरळ आकडाच सांगतो की हा पिक्सेल इतके निट्स.

आता एक सीन घ्या, खोलीत बसलेला माणूस, चेहरा 30 निट्सवर, मागच्या खिडकीत 800 निट्सचं ऊन. एसडीआरमधे तोच चेहरा 30 चा धरला तर आपला टीव्ही तो 90 ला दाखवेल, खिडकी मात्र नुसता पांढरा चौकोन होईल. एचडीआरमधे चेहरा 30 च्या 30 वरच राहतो आणि 800 ची खिडकी 300 मधे कोंबावी लागते, याला टोन मॅपिंग म्हणतात. खिडकीबाहेरचं झाड दिसावं म्हणून काही टीव्ही मधले उजेडही थोडे खाली ओढतात, म्हणजे चेहरा आणखी काळवंडतो. चांगल्या टीव्हीवरही चेहरा 30 च्या आसपासच असतो बरं का, पण तिथं खिडकी खरंच डोळ्यात भरते आणि त्यासाठीच हा सगळा खटाटोप. मे महिन्यात दुपारी कूलरच्या खिडकीतून हॉलमधे ऊन आत येत असेल तर 30 निट्सचा चेहरा शोधतच बसा.

दुसरा प्रॉब्लेम काळ्याचा, आणि तो रात्री कळतो. एचडीआर आला की टीव्ही बॅकलाइट फुल करतो. स्वस्त टीव्हीत बॅकलाइटचे वेगवेगळे झोन नसतात, सगळा पडदा एकत्रच उजळतो, त्यामुळे काळा भागही राखाडी होतो. पॅनल व्हीए असेल तर कॉन्ट्रास्ट साधारण 5000 ला 1 मिळतो, म्हणजे 300 निट्सला काळा 0.06 चा, ते चालून जातं. आयपीएस असेल तर 1000 ला 1 च्या आसपास, काळा 0.3 चा, लाइट बंद करून बघितलं तर पिक्चरच्या वरखालच्या काळ्या पट्ट्या चक्क चमकतात. ओलेडमधे पिक्सेल स्वतःच बंद होतो म्हणून तिथं हा विषयच नाही, मिनी एलईडीत शेकडो झोन असतात म्हणून बराच सुटतो.

मग खोक्यावर एचडीआर10 लिहितात ते खोटं असतं का? खोटं नाही, फक्त त्याचा अर्थ इतकाच की टीव्हीला तो सिग्नल वाचता येतो, दाखवता किती येतो याची त्यात कुठलीच अट नाही. डॉल्बी व्हिजन हा एचडीआरचाच दुसरा प्रकार, त्यात सीननुसार सूचना सोबत येतात, कोंबाकोंबी जरा शहाणपणानं होते, पण 300 चे 600 निट्स काही होत नाहीत. अट घालायचा प्रयत्न झाला होता, टीव्ही कंपन्या आणि स्टुडिओंच्या यूएचडी अलायन्स या गटानं 2016 मधे अल्ट्रा एचडी प्रीमियम नावाचं लेबल काढलं, त्यात एलसीडीला 1000 निट्स आणि 0.05 चा काळा हवा होता. आपल्या बजेटमधला कुठलाच टीव्ही त्याच्या जवळपासही जात नाही.

दुकानात बघायचं तर त्यांचा डेमो व्हिडिओ बघू नका, तो व्हिव्हिड मोडमधे असतो आणि वर ट्यूबलाइटचा लख्ख उजेड. यूट्यूबवर एचडीआरवाला रात्रीचा सीन लावायला सांगा, दर्जाच्या यादीत 2160p HDR दिसलं पाहिजे, मग पिक्चर मोड सिनेमा करून काळ्या पट्ट्या आणि सबटायटलभोवतीचा उजेड बघा. घरी आधीच असा टीव्ही असेल तर पॉवर सेव्हिंग बंद करा, एचडीआरचे पिक्चर रात्री लाइट मंद करून बघा, आणि दिवसा बघायचं असेल तर टीव्हीला लावलेल्या स्ट्रीमिंग स्टिकच्या डिस्प्ले सेटिंगमधे एचडीआर सरळ बंद करून टाका, 300 निट्सच्या टीव्हीवर दुपारी एसडीआरच जास्त चांगला दिसतो.