नाशकातले पॅकिंगच्या लाकडाचे फर्निचर आणि त्यावरचा शिक्का : पार्श्वभूमी

सातपूर आणि अंबडच्या कारखान्यांतून बाहेर पडणारी खोकी व माल रचायची लाकडी पॅलेट उकलून स्टूल, चपलांचे रॅक, पुस्तकांच्या मांडण्या आणि कुंड्यांचे स्टँड करणारे सुतार नाशकात आता नवीन राहिलेले नाहीत. गंगापूर रोडच्या कॅफेंपासून पाथर्डी फाट्यावरच्या दोन खोल्यांच्या घरांपर्यंत हा माल पोहोचला आहे. त्याच्याबरोबर एक वादही आला आहे. लाकडावर जळका शिक्का असतो, त्यातली दोन अक्षरे पाहून गिऱ्हाईक माल घेते किंवा नाकारते. हा शिक्का कुठून आला आणि तो नेमके काय सांगतो, हे समजले की या धंद्याचा मागचा वीस-पंचवीस वर्षांचा प्रवास बराचसा उलगडतो.

त्याआधीचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. जुन्या नाशकात उरलेले लाकूड म्हणजे साग. पेठ-सुरगाण्याच्या जंगलातला साग वाड्यांच्या खांबांत, तुळयांत आणि कडीपाटात गेला. वाडे उतरू लागले तेव्हा तोच परत बाजारात आला, आणि सुतारांनी त्याचे पाट, चौरंग, देव्हारे केले. साठच्या दशकात सातपूरची औद्योगिक वसाहत उभी राहिली, पुढे अंबडची झाली, आणि यंत्रांबरोबर खोकी येऊ लागली. पण तेव्हा त्यांची किंमत जळणाचीच होती. बंब पेटवायला खोक्याच्या फळ्या नेणाऱ्या कामगारांच्या आठवणी सिडकोत अजून ऐकायला मिळतात.

हे गणित बदलले ते दोन निर्णयांमुळे. पहिला सर्वोच्च न्यायालयाचा 12 डिसेंबर 1996 चा आदेश. मंजूर कार्ययोजनेशिवाय जंगलतोड थांबली, विनापरवाना आरा गिरण्यांवर गदा आली, आणि देशी लाकूड महागले. पॅकिंगवाले हळूहळू आयात केलेल्या पाइनकडे वळले. पाइन हलके असते, सरळ चिरते आणि खिळा पटकन घेते. दुसरा निर्णय देशाबाहेरचा. 2002 मध्ये वनस्पती आरोग्याच्या आंतरराष्ट्रीय करारांतर्गत ‘आयएसपीएम 15’ हे मानक आले. कच्च्या लाकडाच्या पॅकिंगमधून खोडकिडे एका खंडातून दुसऱ्या खंडात जात होते, ते रोखण्यासाठी लाकडावर प्रक्रिया करून शिक्का मारणे ठरले. युरोपने 1 मार्च 2005 पासून बाहेरून येणाऱ्या पॅकिंगला हा नियम लावला. ऐन द्राक्ष हंगामातली ही तारीख, त्यामुळे नाशिकच्या निर्यातदारांना ती जवळची. द्राक्षे पुठ्ठ्याच्या खोक्यांत जातात, पण खोकी रचली जातात लाकडी पॅलेटवर. शिक्का नसलेले पॅलेट तिकडच्या बंदरावर अडते, आणि त्याच्याबरोबर माल.

म्हणजे नाशकातून शिक्क्याचे पॅलेट बाहेर जाऊ लागले आणि बाहेरून यंत्रांच्या खोक्यांबरोबर शिक्क्याचे लाकूड आत येऊ लागले. आत आलेले मागे राहिले, भंगारात गेले आणि तिथून सुतारांकडे आले.

आता शिक्का. डाव्या बाजूला गव्हाच्या ओंबीचे चिन्ह. उजवीकडे देशाची दोन अक्षरे, भारतासाठी आयएन, जर्मनीसाठी डीई, चीनसाठी सीएन. पुढे प्रक्रिया करणाऱ्याचा क्रमांक, आणि शेवटी प्रक्रियेची खूण. सर्वांत जास्त दिसतात त्या दोन खुणा. एचटी म्हणजे उष्णतेची प्रक्रिया : लाकडाच्या गाभ्यापर्यंत 56 अंश सेल्सिअस तापमान सलग 30 मिनिटे. एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइड वायूची धुरी, साधारण 24 तास.

वाद आहे तो एमबीवर. मिथाइल ब्रोमाइड विषारी आहे, ओझोनच्या थराला मारक आहे, आणि ओझोन करारात विकसनशील देशांसाठी त्याचा वापर 2015 पर्यंत बंद करायचा ठरला होता. सवलत उरली ती मुख्यतः निर्यात-आयातीतल्या धुरीला. युरोपने 2010 मध्ये तीही सोडली. एवढे कानावर गेले की घरात एमबीचे लाकूड नको असे कोणालाही वाटणार, आणि लहान मुलांच्या पलंगासाठी मी स्वतःही एचटीच निवडेन. पण नाशकातल्या चर्चेत या अक्षरांना जितके वजन मिळाले आहे, तितके त्यांना पेलत नाही. हा पदार्थ साडेतीन-चार अंशांनाच उकळतो, म्हणजे आपल्याकडच्या हवेत तो द्रव राहतच नाही. खरा धोका धुरी देणाऱ्याला आणि लगेच कंटेनर उघडणाऱ्याला असतो. समुद्रातून येऊन, गोदामात राहून आणि महिनोन्महिने भंगारात उघड्यावर पडून मग रंध्याखाली आलेल्या फळीत तो वायू भरून राहिलेला नसतो.

एचटीबद्दलचा गैरसमज याच्या उलट, आणि तो जास्त महागात पडतो. एचटी म्हणजे ‘पक्के वाळवलेले’ लाकूड असे विकणारेही सांगतात. तसे नाही. गाभा 56 अंशांवर अर्धा तास ठेवला की आतली अळी मरते, पाणी मात्र बऱ्यापैकी आत राहू शकते. अशा फळीचे स्टूल आषाढात केले तर तेव्हा सगळे सांधे घट्ट बसतात. मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत फळ्या आखडतात, दोन फळ्यांमध्ये सूतभर, म्हणजे इंचाच्या आठव्या भागाइतकी, फट पडते आणि पाय हलू लागतो. गिऱ्हाईक सुताराला दोष देते. म्हणून जुने कारागीर फळ्या पट्ट्या लावून, मध्ये वारा खेळेल अशा रचून, सावलीत निदान एक उन्हाळा ठेवतात. ज्यांच्याकडे जागा नाही ते हे टाळतात, आणि नाशकात जागा फार थोड्यांकडे आहे.

शिक्क्याची तिसरी अडचण साधी आहे, तरी सर्वांत कमी बोलली जाते. पॅलेटवर शिक्का मारतात तो दोन बाजूंच्या ठोकळ्यांवर किंवा उभ्या पट्ट्यांवर. वरच्या फळ्या कोऱ्या असतात, आणि सुतार वापरतो त्या वरच्या फळ्याच. पॅलेट एकदा उकलले की कुठली फळी कुठल्या पॅलेटची हे कोणालाही सांगता येत नाही. त्यात फक्त देशात फिरणारी पॅलेट मिसळतात, आंब्याची, रबराची, जंगली लाकडाची, ज्यांना प्रक्रियेचे बंधनच नाही. शोभेसाठी शिक्क्याचा तुकडा दर्शनी भागात बसवलेल्या मांडणीत बाकीच्या फळ्या भलत्याच असू शकतात. फळी उभी आपटल्यावर पिठासारखा बारीक भुसा पडला, तर तिच्यात भुंगा जिवंत असू शकतो. शिवाय शिक्का खरा असला तरी तो प्रक्रियेच्या दिवसापुरता बोलतो. पुढे गोदामात कीड लागली तर तिला तो अडवत नाही.

हे सगळे जमेला धरूनही नाशकातल्या लाकडाचा मुख्य दोष शिक्क्यात नाही, तो तेलात आहे. इथले कारखाने मोटारींचे सुटे भाग आणि यंत्रभाग करणारे. भागांना गंज लागू नये म्हणून तेल लावतात, ते पॅलेटवर ठिबकते. वरून फळी नुसती मळलेली वाटते. रंधा फिरवला की पिवळा पाइन वर येतो आणि ती स्वच्छ झाली असे वाटते. पण तेल फळीच्या टोकाकडून रेषांमधून आत चढलेले असते. तिथे गोंद धरत नाही, आणि पॉलिश मारल्यावर बारीक खळगे पडून थर फाटतो. ओळखायची रीत सोपी आहे. रंधलेल्या फळीवर पाण्याचा थेंब टाकावा. कोरड्या पाइनमध्ये तो थोड्या वेळात पसरून मुरतो, तेलकट जागी मण्यासारखा उभा राहतो. अशी फळी कापून टाकण्याशिवाय इलाज नाही, आणि ती चुलीत घालणेही बरे नाही.

माप आणि भाव समजायला एकच पॅलेट घेऊ. त्यातून सात सूत जाडीच्या, चार इंच रुंदीच्या, चाळीस इंच लांबीच्या नऊ फळ्या निघाल्या असे धरा. हे लाकूड भरते सुमारे पाऊण घनफूट. खिळे आट्यांचे असतात, उपटताना टोके फाटतात, म्हणून बहुतेक सुतार खिळे काढत बसत नाहीत, दोन्हीकडून तीन-तीन इंच कापून टाकतात. उरली चौतीस इंचांची फळी. मधल्या खिळ्याचे भोक तसेच राहते, त्यात तुटका खिळा असेल तर रंध्याचे पाते जाते. दोन्ही अंगांनी रंधल्यावर जाडी पाच सुतांवर येते, कडा सरळ करताना रुंदी पाव इंचाने घटते. नऊपैकी दोन फळ्या तेलात किंवा गाठीत जातात. हाती येते घनफुटाच्या तिसऱ्या भागाइतके लाकूड, म्हणजे घेतलेल्याच्या निम्म्याहूनही कमी. लाकूड फुकट मिळाले तरी मजुरी नव्या फळीच्या कितीतरी पट पडते. ‘भंगारातले आहे, मग एवढे महाग कसे’ हा प्रश्न प्रत्येक दुकानात विचारला जातो, त्याचे उत्तर या कापाकापीत आहे.

या वस्तूंचे आकारही त्यातूनच ठरले. चौतीस इंचांच्या फळीतून चार फुटी बाक निघत नाही. निघतात ते स्टूल, अडीच फुटी मांडण्या, चपलांचे रॅक. लांब बाक किंवा टेबल हवे तर यंत्राच्या खोक्याखालचे रनर लागतात, आठ-दहा फुटांचे, आणि ते कारखान्यात नवे यंत्र आले तरच मिळतात. टेबलाला लोखंडी पाय देण्याची पद्धत नाशकात रुजली ती आवडीमुळे कमी आणि या टंचाईमुळे जास्त. फळ्या वर, खाली शेजारच्या फॅब्रिकेटरकडचे एमएस अँगलचे आणि चौकोनी पाइपचे कटपीस.

माल मिळण्याची जागाही मध्ये विस्कटली. अंबड-सातपूर लिंक रोडवरचा भंगार बाजार वर्षानुवर्षांच्या तक्रारी आणि न्यायालयीन लढाईनंतर जानेवारी 2017 मध्ये हटवला गेला, आणि त्यानंतरही तिथे पुन्हा दुकाने उभी राहणे आणि कारवाई होणे हे चक्र चालू राहिले. हा बाजार अनधिकृत होता, आगी आणि धुराचा त्रास खरा होता, हे मान्य करावे लागते. पण सुतारांच्या दृष्टीने तिथे एक सोय होती, जिची दखल त्या निर्णयात कुठेच घेतली गेली नाही. पॅलेट अखंड पाहता येत असे. शिक्का कुठला, तेल किती, साल राहिली आहे का, हे उकलण्याआधी बघून निवडता येत असे. बाजार विखुरल्यावर बरेच व्यापारी पॅलेट उकलून फळ्यांचे गठ्ठे वजनावर विकू लागले. शिक्क्याची माहिती ठोकळ्यांबरोबर निघून गेली, आणि शिक्क्यावरून वाद मात्र वाढला.

दुसरा बदल कारखान्यांच्या फाटकाच्या आत होतो आहे. सुटे भाग पोहोचवायला परत येणाऱ्या लोखंडी ट्रॉल्या आणि प्लास्टिकचे पेटारे वापरात आहेत, निर्यातीच्या खोक्यांना प्लायवूड लागते. प्लायवूड तयार होतानाच तापते, म्हणून त्याला या शिक्क्याची गरज नसते. सुताराला मात्र त्या सहा-नऊ मिलिमीटरच्या पत्र्यांतून फळी मिळत नाही, ड्रॉवरचा तळ किंवा मांडणीची पाठ तेवढी होते. म्हणून पाइनची अखंड, तेल न लागलेली फळी हाती लागली तर ती आता दर्शनी भागासाठी राखून ठेवतात, आणि आतला सांगाडा प्लायवूडच्या कटपीसचा करतात.