टोकांची चिन्हे आणि वलयाचे वळण

ड जीवनसत्त्वाच्या रसायनशास्त्रात एक कोडे फार काळ उत्तराविना राहिले होते. या जीवनसत्त्वाच्या पूर्वरूपात सहा कार्बन अणूंची एक साखळी असते आणि तिच्यात तीन दुहेरी बंध एकाआड एक येतात, म्हणजे तिचा गाभा हेक्झाट्राइनचा असतो. साखळीची दोन टोके जुळली की सहा कार्बनांचे वलय तयार होते. शंभर अंश सेल्सियसच्या बऱ्याच वर तापवून हे वलय बनवले, तर टोकाच्या एका कार्बनावरचा हायड्रोजन आणि दुसऱ्यावरचा मिथिल गट वलयाच्या एकाच बाजूला येतात. अतिनील प्रकाशाने तेच वलय बनवले, तर ते विरुद्ध बाजूंना जातात. रेणू तोच आणि जुळणारे अणूही तेच असताना असे का व्हावे? नेदरलँड्समधील लायडन येथे एगबर्ट हाविंगा यांनी १९६१ साली ही विसंगती नोंदवली आणि त्यांचे सहकारी ऊस्टरहॉफ यांनी तिचे कारण इलेक्ट्रॉनांच्या ऑर्बिटलांच्या, म्हणजे इलेक्ट्रॉन जिथे आढळू शकतात त्या तरंगरूप भागांच्या, सममितीत असावे, असे सुचवले.

हे कारण समजून घेण्यासाठी आधी चार कार्बनांचे ब्युटाडाइन पाहणे सोपे जाते. त्याच्या प्रत्येक कार्बनावर साखळीच्या प्रतलाच्या वर आणि खाली पसरलेले एक पी ऑर्बिटल असते. ही चार ऑर्बिटले मिसळून संपूर्ण रेणूभर पसरलेली चार आण्विक ऑर्बिटले तयार होतात. तंबोऱ्याच्या तारेची कंपने जशी शून्य, एक, दोन अशा स्थिर बिंदूंनी विभागली जातात, तशीच ही ऑर्बिटलेही विभागलेली असतात; जिथे तरंगाचे चिन्ह बदलते त्या जागेला नोड म्हणतात आणि नोड वाढतात तशी ऊर्जाही वाढते. ब्युटाडाइनच्या या पी ऑर्बिटलांतले चार इलेक्ट्रॉन, म्हणजे पाय इलेक्ट्रॉन, प्रत्येकी दोन याप्रमाणे खालच्या दोन ऑर्बिटलांत मावतात. त्यामुळे दुसरे ऑर्बिटल हे सर्वांत वरचे भरलेले, म्हणजे होमो, आणि तिसरे हे सर्वांत खालचे रिकामे, म्हणजे लुमो ठरते. आण्विक ऑर्बिटले मोजण्याच्या हकेल यांच्या पद्धतीने होमोमधील चार कार्बनांचे वाटे ०.६०, ०.३७, −०.३७ आणि −०.६० असे येतात. वाटे टोकांवर सर्वांत मोठे आहेत आणि त्यांची चिन्हे विरुद्ध आहेत. पुढचा सगळा युक्तिवाद या दोन गोष्टींवर उभा आहे.

बंध जुळायचा तर समान चिन्हाचे भाग समोरासमोर यावे लागतात. ब्युटाडाइनच्या एका टोकाला धन भाग वर आहे, तर दुसऱ्या टोकाला तो खाली आहे. शेगडीची दोन बटणे एकाच दिशेने फिरवावीत तशी दोन्ही टोके वळली, तरच ते भाग एकमेकांना भेटतात. याला कॉनरोटेटरी वळण म्हणतात. दुपाखी दाराच्या फळ्यांप्रमाणे टोके विरुद्ध दिशांना वळली, तर धनासमोर ऋण येते आणि बंधाऐवजी प्रतिकर्षण मिळते. या दुसऱ्या वळणाचे नाव डिसरोटेटरी.

हेक्झाट्राइनमध्ये सहा इलेक्ट्रॉन असल्यामुळे होमो एक पायरी वर, तिसऱ्या ऑर्बिटलावर जातो. त्यात दोन नोड असतात, म्हणून चिन्ह दोनदा उलटून पुन्हा मूळ पदावर येते आणि दोन्ही टोकांचा वाटा ०.५२ असा सारख्याच चिन्हाचा राहतो. साहजिकच आता दुपाखी दाराचे वळण जमते, आणि पूर्वरूपात तापवल्यावर हायड्रोजन व मिथिल एकाच बाजूला येतात ते यामुळेच. प्रकाश पडला की एक इलेक्ट्रॉन होमोमधून लुमोत, म्हणजे तीन नोड असलेल्या चौथ्या ऑर्बिटलात चढतो. आता इलेक्ट्रॉन असलेले सर्वांत वरचे ऑर्बिटल हेच असते, त्याच्या टोकांची चिन्हे विरुद्ध असतात आणि वळणही बदलून कॉनरोटेटरी होते. कोडे असे सुटते. हाच मार्ग उलट्या दिशेनेही चालतो: आपल्या त्वचेत ऊन ७-डिहायड्रोकोलेस्टेरॉलचे वलय उघडून हे पूर्वरूप तयार करते, तेही कॉनरोटेटरी वळणानेच.

दोन रेणू एकत्र येतात तेव्हा एकाचा होमो आणि दुसऱ्याचा लुमो जुळतात का, हे पाहावे लागते. ब्युटाडाइनच्या होमोची टोके विरुद्ध चिन्हांची, तशीच दोन कार्बनांच्या इथिलिनच्या लुमोचीही असतात. म्हणून हे दोन रेणू जुळून सहा कार्बनांचे वलय बनवणारी, उष्णतेने होणारी डील्स-आल्डर अभिक्रिया एका दमात घडते. दोन इथिलिनांचे मात्र तसे जुळत नाही. केनिची फुकुई यांनी या सीमेवरच्या ऑर्बिटलांचे महत्त्व १९५२ पासून मांडले होते, तर वुडवर्ड आणि हॉफमन यांनी १९६५ मध्ये सममितीचे नियम सांगितले.

या नियमांची मर्यादा ध्यानात ठेवावी. बंध एकाच वेळी तुटत आणि जुळत असतील, तरच ते लागू पडतात. अभिक्रिया आधी बंध तोडून मुक्त मूलकांच्या, म्हणजे जोडी नसलेला इलेक्ट्रॉन असलेल्या रूपांच्या, मार्गाने टप्प्याटप्प्याने गेली, तर गटांची मांडणी नियमाबाहेरची येऊ शकते. म्हणूनच प्रयोगात टोकांवर मिथिलसारखे गट खुणेदाखल ठेवतात आणि ते शेवटी कोणत्या बाजूला आले, यावरून टोके कोणत्या दिशेने वळली ते ओळखतात. खुणेविना नुसते वलय मिळाले, तर त्यावरून वळणाबद्दल काहीच कळत नाही.