सरासरीतून वगळलेली सहा मुले

परळमधील मराठी माध्यमाच्या एखाद्या शाळेतील नववीची एक तुकडी डोळ्यांसमोर आणू. हिशेब सोपा जावा म्हणून पुढचे आकडे मी स्वतः बेतले आहेत, पण त्यांतली चाल शिक्षकांच्या चांगली ओळखीची आहे. ऑक्टोबरमधील प्रथम सत्र परीक्षेला तुकडीतील चाळीसही मुले बसली आणि गणितात वर्गाची सरासरी शंभरपैकी ५२ आली. एप्रिलच्या द्वितीय सत्र परीक्षेत ती ५५ झाली. पालक सभेत वर्गशिक्षिका फळ्यावर ‘५२’ आणि ‘५५’ हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहितात, पालकांना बरे वाटते आणि सभा पुढच्या विषयाकडे वळते. दोन्ही आकडे अचूक आहेत आणि बाईंनी कोणतीही लबाडी केलेली नाही. तरीही या वर्गातील मुलांचे गणित सुधारले, असे त्यांवरून म्हणता येत नाही. उलट ज्यांनी दोन्ही परीक्षा दिल्या, त्यांचे गुण एकूणात घसरलेले आहेत.

हे कसे घडते ते पाहण्यासाठी बाईंच्या टेबलावरचे गुणपत्रक उघडावे लागते. एप्रिलच्या रकान्यात चौतीस मुलांपुढे गुण आहेत, चार नावांपुढे ‘गै.ह.’ लिहिले आहे आणि दोन नावांवर आडवी रेघ मारली आहे. रेघ मारलेल्या दोघांनी वर्षाच्या मध्यावर शाळा सोडल्याचा दाखला नेला. एकाची चाळ पुनर्विकासाला गेल्यामुळे घर बदलापूरला हलले, तर दुसरा साताऱ्याकडे गावी परतला. गैरहजर चौघांपैकी एकाला कावीळ झाली होती, एक मुलगी बहिणीच्या लग्नासाठी कोकणात गेली होती आणि उरलेले दोघे पेपर जमणार नाही या धास्तीने घरीच राहिले. आता याच सहा जणांचे ऑक्टोबरचे गुण पाहू. शाळा सोडलेल्यांचे १८ आणि २२, तर गैरहजरांचे १५, २५, २० आणि २० होते. सहा जणांची बेरीज १२० भरते, म्हणजे त्यांची सरासरी अवघी २०.

चाळीस मुलांची सरासरी ५२, म्हणजे ऑक्टोबरमधील सर्व गुणांची बेरीज २०८०. त्यातून या सहा जणांचे १२० वजा केले की उरलेल्या चौतिसांची बेरीज १९६० होते आणि तिला ३४ ने भागले की त्यांची ऑक्टोबरचीच सरासरी ५७.६ निघते. म्हणजे एप्रिलमध्ये ज्या ५५ गुणांचे कौतुक झाले, त्याच मुलांचे ऑक्टोबरमध्ये सरासरी ५७.६ गुण होते. फळ्यावर दिसलेली तीन गुणांची वाढ ही एका वाढीतून एक घट वजा होऊन उरलेली शिल्लक आहे. कमी गुणांची मुले हिशेबाबाहेर गेल्यामुळे सरासरी सुमारे ५.६ गुणांनी वर गेली आणि राहिलेल्या मुलांचे गुण कमी झाल्यामुळे ती सुमारे २.६ गुणांनी खाली आली.

गळतीमुळे सरासरी किती चढेल, हे एका ओळीत मांडता येते. गेलेल्यांची संख्या भागिले राहिलेल्यांची संख्या, गुणिले जुनी सरासरी आणि गेलेल्यांची सरासरी यांतील फरक. आपल्या उदाहरणात ३४ जणांमागे ६ जण कमी झाले आणि फरक ५२ वजा २०, म्हणजे ३२ गुणांचा आहे, म्हणून उत्तर ५.६ येते. या सूत्रात एक गोष्ट स्पष्ट दिसते, ती म्हणजे संख्या घटली एवढ्यानेच सरासरी हलत नाही. गेलेल्या सहा जणांची सरासरीही ५२च असती, तर फरक शून्य आला असता आणि वर्गाची सरासरी जागची हलली नसती. हुशार मुले दुसऱ्या शाळेत गेली तर हेच सूत्र उलट्या दिशेने चालते, आणि तेव्हा मन लावून शिकवणाऱ्या शिक्षकाच्या माथी नाहक घसरणीचा दोष येतो. म्हणून किती मुले गैरहजर होती, एवढेच विचारून भागत नाही. त्यांचे आधीचे गुण इतरांच्या तुलनेत कसे होते, हे पाहावे लागते. मुंबईत पावसाने लोकल बंद पडलेल्या दिवशी जी मुले पोहोचत नाहीत, त्यांची गैरहजेरी गुणांवर ठरलेली नसते असे आपण सहज मानतो, पण ज्यांच्या घरात पाणी शिरते त्यांचा अभ्यासही त्याच पाण्यात बुडालेला असू शकतो, त्यामुळे तेथेही जुने गुण तपासून मगच बोलावे.

सरासरीऐवजी मध्यक वापरला तर ही अडचण टळेल, असे काहींना वाटते. मध्यक म्हणजे गुणांच्या क्रमाने मुले उभी केल्यावर अगदी मधोमध येणारा गुण. वर्गातील सर्वांत खालची सहा मुले गेली, तर चाळिसांच्या रांगेत विसाव्या आणि एकविसाव्या मुलामध्ये असलेला मध्य आता मूळच्या तेविसाव्या आणि चोविसाव्या मुलामध्ये सरकतो, म्हणजे कोणाचाही एक गुण न वाढता मध्यकही चढतो. उत्तीर्णांच्या टक्केवारीचेही हेच होते, कारण अडचण सूत्रात नसून कोणाला मोजले यात आहे.

गैरहजर मुलांना शून्य गुण देणे हा दुसरा नेहमीचा उपाय, आणि तोही मला न्याय्य वाटत नाही. तसे केले तर चौघांसह पटावरील ३८ मुलांची एप्रिलची सरासरी ४९.२ येते. परंतु कावीळ झालेल्या मुलाला गणितातले काहीच येत नाही, असे त्या शून्यातून सूचित होते आणि ते खरे नाही. हा आकडा गणिताबरोबर हजेरीही मोजतो आणि दोन्ही वेगळे काढता येऊ नयेत अशी त्यांची सरमिसळ करतो.

त्यापेक्षा प्रामाणिक मार्ग म्हणजे आपल्याला नक्की किती ठाऊक आहे, याच्या सीमा आखणे. चौघांनाही शून्य मिळाले असते तर सरासरी ४९.२, चौघांनाही शंभर मिळाले असते तर ५९.७, म्हणजे खरी सरासरी या दोहोंच्या दरम्यान कोठेतरी आहे. हा पट्टा रुंद आहे हे खरे, पण तो अरुंद करण्यासाठी आपल्याकडे ऑक्टोबरचे गुण आहेत. चौघांनी तेव्हाइतकेच, म्हणजे मिळून ८० गुण मिळवले असते, तर सरासरी ५१.३ आली असती. याच ३८ मुलांची ऑक्टोबरची सरासरी ५३.७ होती. ती निदान टिकवायची, तर या चौघांनी मिळून १७० गुण, म्हणजे प्रत्येकी साधारण ४२ ते ४३ गुण मिळवायला हवे होते, आणि ऑक्टोबरमध्ये त्यांना सरासरी वीसच होते. यावरून वर्ग पुढे गेला असे म्हणायला फारसा आधार राहत नाही. मात्र जुने गुण हाही कच्चाच आधार आहे. ज्याला ऑक्टोबरमध्ये फारच कमी गुण पडले, त्याचा तो दिवस वाईट गेलेला असू शकतो आणि पुढच्या वेळी तो काहीही वेगळे न शिकता थोडा वर येऊ शकतो.

५७.६ वरून ५५ पर्यंतची उतरण ही शिकवणे बिघडल्याची खूण आहे का? तसे म्हणण्याची घाई मी करणार नाही, कारण एप्रिलचा पेपर अधिक कठीण असू शकतो आणि त्याचा अभ्यासक्रमही वेगळा असतो. हाच पेपर दिलेल्या शेजारच्या तुकडीत दोन्ही परीक्षा देणाऱ्यांचे गुण किती बदलले, हे पाहिल्यास पेपरचा वाटा किती याचा अंदाज येतो.

या मोजणीचे परिणाम एका वर्गापुरते राहत नाहीत. शाळांना सरासरीवरून जोखले जाऊ लागले की कमी गुणांच्या मुलांची गैरहजेरी सोयीची ठरते. अमेरिकेत फ्लोरिडा राज्यातील नोंदींवरून अर्थतज्ज्ञ डेव्हिड फिग्लिओ यांनी २००६ साली असे दाखवले की, सारख्याच बेशिस्तीबद्दल मुलांना निलंबित करताना शाळा कमी गुणांच्या मुलांना अधिक दिवस घरी बसवत आणि ही तफावत परीक्षेच्या सुमारास वाढत असे. त्या देशाच्या २००२ सालच्या शिक्षण कायद्यात किमान ९५ टक्के मुलांची चाचणी झालीच पाहिजे, अशी अट होती ती अशाच वगळण्याला आळा बसावा म्हणून. आपल्याकडे १९९५ साली मुंबईत सुरू झालेल्या ‘प्रथम’ या संस्थेने २००५ पासून ग्रामीण भारतासाठी ‘असर’ ही पाहणी सुरू केली, तेव्हा मुलांची चाचणी शाळेत न घेता घरोघरी जाऊन घेण्याची पद्धत ठेवली. त्यामुळे त्या दिवशी शाळेत न आलेले किंवा शाळेत नावच नसलेले मूलही मोजणीत येते.

महाराष्ट्राच्या परीक्षा मंडळाच्या दहावीच्या निकालात नोंदणी, प्रविष्ट आणि उत्तीर्ण असे तीन आकडे दिलेले असतात आणि टक्केवारी प्रविष्ट विद्यार्थ्यांवर काढलेली असते. शाळेच्या फाटकावर लागणाऱ्या ‘शंभर टक्के निकाल’ या फलकावर मात्र यांतले काहीच नसते. शिवाय नववीतील कच्च्या मुलाला १७ नंबरचा अर्ज भरून बाहेरून बसण्याचा सल्ला दिला गेला, तर तो शाळेच्या नोंदणीतही येत नाही आणि हे तीन आकडेसुद्धा ती गळती दाखवू शकत नाहीत. ती पाहायची तर त्याच मुलांचा आठवीचा आणि नववीचा पट काढावा लागतो.

आपल्या तुकडीचा निकाल सांगताना मी बाईंच्या जागी असतो, तर फळ्यावर असे लिहिले असते: ‘वर्षारंभी पट ४०, आता ३८, परीक्षेस बसले ३४. बसलेल्यांची गणिताची सरासरी ५५. याच ३४ जणांची प्रथम सत्राची सरासरी ५७.६. गैरहजर चौघांची प्रथम सत्राची सरासरी २०, त्यांची फेरपरीक्षा बाकी आहे. दाखला नेलेल्या दोघांचे गुण दोन्हीकडून वगळले आहेत.’ यात कोणाचेही नाव येत नाही, आणि ते येऊही नये, कारण चारच मुलांचा गट असला की कोण ते पालकांना लगेच कळते. म्हणून चौघांचे वेगवेगळे गुण सभेत न सांगता त्यांची सरासरीच द्यावी, आणि गैरहजर एखाद-दोनच असतील तर तीही देऊ नये.

फेरपरीक्षा त्याच काठिण्याच्या पेपरवर झाली आणि चौघांना १७, २६, २८ आणि २१ गुण मिळाले, असे समजू. त्यांची बेरीज ९२ होते आणि ३८ मुलांची सरासरी ५१.६ येते, म्हणजे ऑक्टोबरच्या ५३.७ पेक्षा दोन गुणांनी कमी. मात्र गुणपत्रकात या चौघांच्या ओळी वेगळ्या पाहिल्या तर १५ चे १७, २५ चे २६, २० चे २८ आणि २० चे २१ झालेले दिसतात. चौघांची सरासरी २० वरून २३ झाली आहे, आणि ज्या चौतिसांच्या ५५ गुणांचे सभेत कौतुक झाले ते एकूणात खाली आलेले आहेत.